कागद खरंच म्हातारा आहे, की चहात बुडवलाय?
जुन्या दस्तांची बनवाबनवी, तीस वर्षांचा कायदा आणि खोटं वय ओळखायच्या खुणा

जांबोटी : पावसाळा संपला की जांबोटी-चोर्ला रस्त्यावर परगावच्या गाड्या वाढतात. निम्म्या धबधबे बघायला येतात, उरलेल्या जमीन बघायला. गोव्याला जाणारा रस्ता, कडेला जंगल आणि थंड हवा, त्यामुळे ज्या माळावर पूर्वी नाचण्याशिवाय काही पिकत नव्हतं, त्याचे भाव आता ऐकवत नाहीत. जमिनीला भाव आला की आणखी एक गोष्ट घडते. घराघरातल्या ट्रंका उघडतात आणि आजवर कुणी न पाहिलेले आजोबा-पणजोबांच्या काळचे कागद बाहेर यायला लागतात. त्यातले बरेचसे खरे असतात, काही नसतात.

असाच एक कागद काही दिवसांपूर्वी माझ्यापर्यंत आला. प्रकरण अजून भाऊबंदकीतच आहे, म्हणून गावाचं आणि कुणाचंही नाव देत नाही. थोडक्यात हकिगत अशी. एका घराच्या ताब्यात चार एकर जमीन आहे, उताऱ्यावर नाव त्यांचंच आहे. गिऱ्हाईक आलं, बोलणी झाली, आणि चुलत घरातून निरोप आला की ही जमीन तुमच्या आजोबांनी १९३८ सालीच आमच्या आजोबांना विकलीय, मोडीतलं खरेदीखत आमच्याकडे आहे. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. तपकिरी कागद, कडा झिजलेल्या, मधेमधे भोकं. फोटो बघूनच घरातल्या थोरल्यांचा धीर सुटला. "कागद जुना दिसतोय की हो, आता भांडून काय उपयोग?" असं म्हणत ते अर्ध्या जमिनीवर तडजोडीला तयार झाले होते.

हे सगळं त्या एका वाक्यावर चाललं होतं, 'कागद जुना दिसतोय'. पण जुना दिसणं आणि जुना असणं यात फरक आहे.

जुनेपणाला एवढी किंमत का?

खोटा कागद जुना करण्यामागे फक्त भाबड्या माणसाला फसवणं एवढाच हेतू नसतो, त्यामागे कायद्याचाही हिशेब असतो. भारतीय पुरावा कायदा, १८७२ याच्या कलम ९० मध्ये तीस वर्षांपेक्षा जुन्या दस्ताला एक सवलत होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तीच सवलत कलम ९२ मध्ये आहे. मूळ दस्त तीस वर्षांहून जुना असेल आणि तो जिथे असायला हवा अशा योग्य ताब्यातून न्यायालयापुढे आला असेल, तर त्यावरची सही-अक्षर त्याच माणसाचं आहे आणि दस्त रीतसर केलेला आहे असं न्यायालय गृहीत धरू शकतं. कारण साधं आहे. १९३८ च्या दस्तावर सही केलेला माणूस आणि त्याचे साक्षीदार आज आणायचे कुठून?

ही सवलत प्रामाणिक माणसासाठी आहे, पण बनावट करणाऱ्याला नेमकी तीच हवी असते. पाच वर्षांपूर्वीचा खोटा दस्त केला तर साक्षीदार हजर करा म्हणतील. ऐंशी वर्षांपूर्वीचा केला तर साक्षीदार मेलेले आहेत, हे सगळ्यांनाच मान्य असतं.

मात्र वाचकांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, न्यायालय असं गृहीत धरू 'शकतं', धरलंच पाहिजे असं नाही. दुसरी, ही सवलत मूळ दस्ताला आहे, झेरॉक्सला किंवा नकलेला नाही. तिसरी, सही खरी मानली म्हणून आतला मजकूर आपोआप खरा ठरत नाही.

आपल्या खानापूर तालुक्याला बनावट कागद नवे नाहीत. मुद्रांक घोटाळ्यातला अब्दुल करीम तेलगी मूळचा खानापूरचाच. पण तेलगीचा स्टँप पेपर कोरा करकरीत असायचा, त्याला तो आजचा म्हणूनच खपवायचा होता. जमिनीच्या खोट्या कागदाला मात्र 'काल'चा व्हावं लागतं आणि तिथेच तो चुकतो. कारण खऱ्या कागदावर काळाने केलेल्या गोष्टी एका क्रमाने झालेल्या असतात. आधी कोरा कागद, मग शाई, मग घडी, मग मळ, मग कीड. बनावट करणाऱ्याला हा क्रम बहुतेक वेळा उलटा करावा लागतो. तपासणाऱ्याने रंगाला भुलू नये, क्रम शोधावा.

चहाचा रंग

कागद जुना दाखवायची सगळ्यांत स्वस्त युक्ती म्हणजे चहा किंवा कॉफीचं पाणी. तिचं जगप्रसिद्ध उदाहरण जर्मनीतलं. १९८३ साली 'श्टेर्न' या साप्ताहिकाने हिटलरच्या रोजनिश्या सापडल्या म्हणून डंका पिटला, त्यासाठी लाखो मार्क मोजले. त्या कोनराड कुयाऊ नावाच्या माणसाने स्वतः लिहिलेल्या होत्या. पानांवर चहा ओतून त्याने त्या जुन्या केल्या होत्या. पंधरा दिवसांत बिंग फुटलं, कारण कागदात १९५० नंतर वापरात आलेलं, पांढरेपणा वाढवणारं रसायन सापडलं. हिटलर तर १९४५ लाच मेला होता.

खरा कागद पिवळा पडतो तो हवा आणि उजेडामुळे, म्हणून तो कडेकडून आत पिवळा पडत जातो. घडी घातलेला कागद असेल तर बाहेरच्या पाठीवर मळ, धूर, बोटांचे डाग आणि आतली बाजू त्यामानाने स्वच्छ. चहात बुडवलेला कागद सगळीकडून सारखा रंगतो, घडीच्या आतदेखील. शिवाय पाणी वाळताना रंग कडेला ढकलतं, त्यामुळे डागाभोवती गडद रेघ उमटते. टेबलावर चहा सांडून वाळला की कशी कड उरते, तशीच.

आपल्या प्रकरणात मूळ कागद बघायला मागितला. बरेच आढेवेढे घेऊन तो मिळाला, वकिलासमोर, तासभर. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी सोबत होते. त्यांनी मजकूर वाचायच्या आधी कागद उघडला, परत घडी घातली, परत उघडला आणि म्हणाले, "अहो, ऐंशी वर्षं घडीत होता म्हणता, मग आतल्या पाठीला बाहेरच्याएवढाच मळ लागला कसा?"

याला जोडून दुसरी तपासणी आहे ती दिव्याची. दुकानात नोटा तपासायला जांभळ्या उजेडाचा दिवा असतो, तोच चालतो. खोली अंधारी करून त्याखाली कागद धरा. हल्लीच्या बहुतेक पांढऱ्या कागदात ते पांढरेपणाचं रसायन असतं, त्यामुळे तो निळसर पांढरा चमकतो. जुना कागद मंद, पिवळट दिसतो. चहाचा थर ही चमक दाबतो, पण पुरती नाही. फाटक्या कडेला, घडीच्या तुटलेल्या धाग्यांत, जिथे रंग पोचला नाही तिथे ती डोकावते. आमच्या कागदाच्या दोन घड्यांवर अशी निळी रेघ स्पष्ट दिसली.

पण ही तपासणी एकाच बाजूने उपयोगी आहे. चमकला तर १९३८ च्या दाव्यावर मोठा प्रश्न उभा राहतो. नाही चमकला तर कागद खरा, असं मात्र नाही. हुशार बनावट करणारा जुन्या वहीतलं, जमाखर्चाच्या चोपडीतलं कोरं पान मिळवतो. तो कागद खरंच जुना असतो, खोटी असते ती त्यावरची शाई. मग क्रम शोधायचा तो शाईचा.

शाई घडीच्या आधीची की नंतरची?

समजा, माणसाने १९३८ साली कागदावर लिहिलं, मग तो दुमडला. वर्षानुवर्षं उघडझाक होऊन घडीवरचे धागे तुटतात आणि त्या जागची शाईही धाग्यांबरोबर तुटते. भिंगातून बघितलं तर अक्षराची रेघ घडीपाशी खंडित दिसते, तुटलेल्या धाग्यांची टोकं कोरी असतात.

आता उलटा क्रम घ्या. कागद आधी रंगवला, चुरगाळला, घड्या पाडल्या आणि मग लिहिलं. घडीवर धागे मोकळे झालेले असतात, तिथे ओली शाई शोषली जाते. अक्षराची रेघ घडीपाशी येऊन फुगते, घडीच्या चिरेत आडवी पसरते, कधी मागच्या बाजूला उतरते. दहा पट मोठं दाखवणाऱ्या साध्या भिंगातूनही हे कळतं.

मग बनावट करणारा आधी लिहून नंतर का रंगवत नाही? तिथे त्याची वेगळीच अडचण होते. मोडी कागद बहुतेक काजळीच्या शाईने, बोरूने लिहिलेले असायचे. काजळी आणि डिंकाची ती शाई कागदाच्या वर बसते, ओली झाली की बहुधा फरफटते. लिहून झाल्यावर चहात बुडवलं तर अक्षरं ओघळतात, म्हणून तो आधी रंगवतो आणि मग लिहितो. इकडे आड तिकडे विहीर.

काजळीच्या शाईची आणखी एक गंमत ध्यानात ठेवा. ती तपकिरी होत नाही. दोनशे वर्षांचा मोडी कागद उघडला तर अक्षर काळंभोर असतं. तपकिरी होते ती लोहाची शाई, म्हणजे इंग्रजी अमदानीत कचेऱ्यांतून टाकाने लिहायला वापरली जाणारी निळीकाळी शाई. 'जुना कागद म्हणजे फिकट तपकिरी अक्षर' ही समजूत सिनेमातून आलीय आणि बनावट करणाराही तोच सिनेमा बघून आलेला असतो.

भोकं कुणी पाडली?

कागदाला भोकं दिसली की लोक म्हणतात, कसर लागलीय, म्हणजे जुनाच. पण किडीचीही स्वतःची रीत असते. चंदेरी कसर कागद आरपार कोरत नाही. ती वरवर खरवडते, खळ आणि डिंक खाते, त्यामुळे कागद जागोजागी पातळ होतो आणि उजेडात धरला की तिथे झिरझिरीत दिसतो. वाळवी कडेकडून मोठा भाग फस्त करते, मातीचा थर सोडून जाते. आरपार गोल भोकं पाडते ती भुंगेऱ्याची अळी. ती दप्तराच्या थराथरातून वाट काढत जाते. वाट वाकडीतिकडी असते, कधी दोन पानांच्या मधून आडवी चर पाडते, मागे बारीक भुसा उरतो.

दाभणाने किंवा तापलेल्या सुईने पाडलेलं भोक निराळं असतं. दाभणाच्या भोकाला एका बाजूने कागदाचा काठ बाहेर आलेला लागतो, बोट फिरवलं तरी कळतं. तापलेल्या सुईच्या भोकाला तपकिरी, करपलेली कड असते. कुठल्याही अळीच्या तोंडात विस्तव नसतो.

यापेक्षाही सोपी परीक्षा घडीची. कागद त्याच्या जुन्या घड्यांवर हलक्या हाताने परत दुमडा आणि उजेडात धरा. घडीत असताना अळीने कोरला असेल तर भोकं एकावर एक येतात. म्हणजे उघडल्यावर तेच भोक प्रत्येक पदरात, घडीच्या दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखं दिसायला हवं. पाण्याच्या डागाचंही तसंच. घडीत असताना ओल लागली तर डाग पदरापदरात उमटतो आणि आत जाता जाता फिका होतो.

आमच्या कागदाला चार पदर होते आणि पाच भोकं. घडी घातल्यावर एकही भोक दुसऱ्यावर आलं नाही. म्हणजे ती कागद सपाट पसरलेला असताना पडलेली. कागद आधी बरीच वर्षं सपाट ठेवला असेल, कीड लागली असेल आणि नंतर कुणी दुमडला असेल, असंही होऊ शकतं, म्हणून तेवढ्यावर निकाल देऊ नये. पण पाचांपैकी एकाही भोकाने एकही अक्षर खाल्लं नव्हतं. सर्व्हे नंबर शाबूत, सही शाबूत, रक्कम शाबूत. गुरुजी हसून म्हणाले, "साक्षर कीड आहे. वाचून, सोडून खाल्लंय."

जुन्या कोऱ्या पानावर नव्याने लिहिलं असेल तर भोक आणि शाई यांचाही क्रम तपासता येतो. अक्षर आधीचं असेल तर भोक रेघेला स्वच्छ कापून जातं. भोक आधीचं असेल तर लिहिणारा एक तर ते चुकवून लिहितो, नाही तर शाई भोकाच्या कडेला जमून गडद होते, कडेच्या धाग्यांत उतरते.

आम्ल आणि कुरकुरीत कागद

तिसरी युक्ती आम्लाची. लिंबाच्या रसापासून ते बाटलीतल्या आम्लापर्यंत काहीही कागदाला चोळून गरम केलं की तो तपकिरी होतो, कडा खाल्ल्यासारख्या होतात, हातात धरला की तुकडे पडतात. बघणाऱ्याला वाटतं, किती जीर्ण झालाय!

इथे आपल्या सगळ्यांच्या डोक्यातला एक गैरसमज काढून टाकायला हवा. जुना कागद कुरकुरीतच असतो असं नाही. जुन्नरी, दौलताबादी यांसारखे हातकागद चिंध्या आणि तागाच्या लगद्यापासून होत, घोटून गुळगुळीत केलेले असत. ओल आणि कीड लागली नाही तर दोनशे वर्षांनीही ते कापडासारखे लवचिक असतात. ठिसूळ होतो तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रुळलेला लाकडाच्या लगद्याचा, गिरणीतला स्वस्त कागद, कारण आम्ल त्याच्या घडणीतच असतं. तेव्हा कुणी पेशवाईतली म्हणून सनद दाखवली आणि ती पापडासारखी मोडत असेल, तर शंका कमी न होता वाढली पाहिजे. १९३८ चा गिरणी कागद मात्र खरंच ठिसूळ असू शकतो. तिथे बघायचं ते ठिसूळपणा कुठे आहे. आपोआप झालेला पूर्ण कागदभर आणि कडेला जास्त असतो. ब्रशने लावलेला पट्ट्यापट्ट्यांनी, शिंतोड्यांनी दिसतो. शेजारचा भाग नवा, मऊ राहतो.

लोहाच्या शाईतही आम्ल असतं आणि ते खरंच कागद खातं. पण ते अक्षराच्या वळणानेच खातं. जाड रेघेच्या मागे तपकिरी सावली उतरते, कधी अक्षराचा आकार तेवढा गळून पडतो. अक्षर सोडून भलतीकडे जळालं असेल तर ते शाईचं काम नव्हे.

शाई झटपट जुनी करायला रसायनं लावली की शाईच बोलते. अमेरिकेत मार्क हॉफमन नावाच्या बनावट करणाऱ्याने १९८० च्या दशकात जुनी पत्रं तयार करून भल्याभल्या जाणकारांना विकली. आपलं पितळ उघडं पडेल या भीतीने १९८५ मध्ये त्याने बाँब ठेवून दोघांचे जीव घेतले. तपासनीसांनी त्याची पत्रं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तेव्हा शाईला मगरीच्या पाठीसारख्या बारीक भेगा दिसल्या. डिंक असलेली शाई रसायनाने घाईघाईत जुनी केल्याची ती खूण होती. खऱ्या जुन्या पत्रांवर तशा भेगा नव्हत्या.

गोव्यातला धडा : कागद नव्हे, कपाट

इथवर वाचून कुणाला वाटेल, भिंग आणि दिवा असला की झालं. तसं नाही. चोर्ला घाट उतरून पलीकडे गेलं की याहून अवघड प्रकार बघायला मिळतो. गोव्यात जमीन हडप प्रकरणांच्या तपासासाठी जून २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमावं लागलं. पुढे निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही झाला. ज्यांचे मालक वारले होते किंवा परदेशी स्थायिक झाले होते अशा जमिनी हेरायच्या, पोर्तुगीज काळातले म्हणून दस्त तयार करायचे आणि त्यावरून मालकी फिरवायची, अशी ती पद्धत तपासात पुढे आली. त्यातला सगळ्यांत गंभीर भाग असा की बनावट दस्त सरकारी पुराभिलेखात घुसवल्याचे आरोप झाले, त्या खात्यातल्या काही कर्मचाऱ्यांनाही अटक झाली.

याचा अर्थ नीट समजून घ्या. खोटा कागद सरकारी कपाटात गेला की 'योग्य ताबा' आपोआप मिळतो. त्याची शिक्क्यानिशी नक्कल मिळते. नक्कल ताज्या पांढऱ्या कागदावर असते, तिच्यावर ना चहा ना भोक. तपासणाऱ्याला मूळ पान बघायला मिळेपर्यंत जमीन दोन हात पुढे विकली गेलेली असते.

अशा वेळी एकटं पान बघून उपयोग नाही, त्याचे शेजारी बघावे लागतात. बांधलेल्या रजिस्टरात अळी आली तर तिची वाट मागच्या पुढच्या पानांतून जाते. ओल आली तर डाग सलग पानांवर उमटतो. मधल्या एकाच पानाला भोक नसेल, किंवा भोक आहे पण शेजाऱ्यांशी जुळत नसेल, तर ते पान पाहुणा आहे. शिवण नवी आहे का, पानाची कड इतरांपेक्षा बाहेर किंवा आत आहे का, अनुक्रमांक आणि सूची जुळते का, हेही बघतात. म्हणून कुणी सरकारी नक्कल दाखवली तर मूळ रजिस्टर बघायची मागणी लेखी करा आणि शेजारची पानंही बघा.

महाराष्ट्रात २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं मोठ्या प्रमाणावर उघडली गेली, न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. त्यातही खाडाखोड आणि नंतर घुसडलेल्या शब्दांचे आरोप झालेच. आरोप कुणाचा खरा हा वेगळा विषय. पण एखादा शब्द मागाहून घातलाय का, हे ठरवायची रीत हीच : ती शाई घडीच्या, डागाच्या, भोकाच्या आधीची की नंतरची?

मग त्या चार एकरांचं काय झालं?

कागदावर व्यवहाराची रक्कम चारशे रुपये लिहिली होती. शंभर रुपये आणि त्यावरच्या स्थावर मालमत्तेच्या विक्रीला १९३८ सालीदेखील नोंदणी सक्तीची होती. म्हणजे दस्तावर सबरजिस्ट्रारचा शेरा, नंबर, बुकाचं पान हवं होतं. ते नव्हतं. "त्या काळी असंच चालायचं" हे उत्तर मिळालं. मग त्या काळापासूनचे फेरफार काढले. चुलत घराचं नाव एकदाही आलेलं नव्हतं, ना खंड, ना शेतसारा. हा पुरावा भिंगातून दिसलेल्या सगळ्या खुणांपेक्षा भक्कम ठरला. वकिलाने लेखी विचारणा केली, मूळ कागद न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवायला तयार आहात का म्हणून. त्यानंतर चुलत घर गप्प आहे. खोटा दस्त कुणी बनवून दिला, ते त्यांनाही फसवून दिलेलं होतं का, हे कळलेलं नाही.

आपल्या सीमाभागात ही तपासणी आणखी एका कारणाने अवघड आहे. १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो, जुना कागद मोडीत आणि मराठीत, नंतरचं सगळं दप्तर कानडीत. नव्या पिढीला मोडी येत नाही, कचेरीतल्या माणसाला मराठी येत नाही. मधल्या या फटीत बनावट करणारा आरामात बसतो, कारण मजकूर कुणी वाचतच नाही, सगळे फक्त रंग बघतात. पण हाच इतिहास त्याला अडकवतोही. १९३८ च्या कागदावर 'म्हैसूर राज्य' आलं किंवा १९६५ च्या कागदावर 'कर्नाटक' आलं, तर चहाचा डाग तपासायचीही गरज नाही. बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं १ नोव्हेंबर १९५६ ला, आणि राज्याचं नाव कर्नाटक झालं १ नोव्हेंबर १९७३ ला. तसंच नये पैसे १ एप्रिल १९५७ च्या आधीच्या दस्तात असू शकत नाहीत, तिथे आणे-पैच हवेत.

शेवटी, आपल्याच घरच्या खऱ्या कागदांबद्दल. ते लॅमिनेट करू नका. निपाणीपासून जांबोटीपर्यंत बघतोय, लोक हौसेने जुनी खरेदीखतं प्लॅस्टिकमध्ये बंद करून घेतात. उष्णतेने आणि गोंदाने कागदाचे धागे, शाईचा थर, घडीची चीर सगळं चिकटून जातं. खऱ्याचा खरेपणा ज्या खुणांनी सिद्ध व्हायचा, त्याच आपण पुसून टाकतो. घडीवर चिकटपट्टीही लावू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, एक समोरून उजेड टाकून आणि एक बाजूने तिरका उजेड टाकून, म्हणजे घड्या आणि खरवड उठून दिसेल. मूळ कागद सुती फडक्यात, कोरड्या जागी ठेवा.

आणि समोरच्याने कागदाचा फोटो पाठवला, तर घाबरून सही करण्याआधी मूळ कागद मागा. आमच्या प्रकरणात मूळ मागितलं तेव्हाच खरी चलबिचल सुरू झाली होती. घडी उघडायची वेळ त्यानंतर आली.